खोडलेली किंमत खरी हवी

प्रत्येक वस्तूची किंमत ९९ वर संपवली तर विक्री वाढते का?

डावीकडचा आकडा बदलत असेल तर वाढू शकते. ४०० ची ३९९ केली की नजर तीनवर पडते. ४६० ची ४५९ करून मात्र फारसं काही हाती लागत नाही. संशोधक अँडरसन आणि सिमेस्टर यांच्या २००३ च्या प्रयोगात एकच ड्रेस वेगवेगळ्या कॅटलॉगमध्ये ३४, ३९ आणि ४४ डॉलरला ठेवला होता. सर्वात जास्त खपला तो ३९ चा, म्हणजे ३४ च्या स्वस्त ड्रेसपेक्षाही जास्त. पण शेजारी ‘सेल’ असं लिहिलेलं असेल तर नवाचा परिणाम कमी होतो. तेव्हा दोन्हींचा मारा एकाच वस्तूवर नको.

सेलच्या आधी किंमत थोडी वाढवून मग सूट दाखवली तर काय बिघडतं? सगळेच करतात.

तुमची वस्तू महिनाभर १२०० ला विकली जातेय असं धरा. सेलच्या तीन दिवस आधी तुम्ही ती १६०० केली आणि सेलमध्ये १६०० वर काट मारून ११९९ लिहिलं. पाटीवर २५ टक्के सूट दिसते, प्रत्यक्षात ग्राहकाचा फायदा एका रुपयाचा. ही निव्वळ फसवणूक आहे, आणि जुना स्क्रीनशॉट जपून ठेवलेला एखादा ग्राहक ती सहज उघडी पाडतो.

मुळात खोडलेला आकडा इतकं काम करतो, कारण माणूस समोर आलेल्या पहिल्या संख्येपासूनच अंदाज बांधायला लागतो. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की चक्र फिरवून आलेला, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेला आकडासुद्धा लोकांचं उत्तर आपल्याकडे ओढतो. निरर्थक आकडाही ओढतो, म्हणूनच तो खरा ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते.

युरोपीय संघात २०२२ पासून लागू झालेला नियम इथे चांगली मोजपट्टी आहे: सूट जाहीर करताना आधीची किंमत म्हणून साधारणपणे मागच्या किमान ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवायची. या हिशेबाने वरच्या उदाहरणात १२०० च खोडता येतात. नियम तुम्हाला लागू नसला तरी किंमत बदलाल त्या दिवशी तारीख आणि आकडा वहीत टिपा. खोडायला दुसरी किंमत उरली नसेल, तर काहीच खोडू नका. त्याऐवजी खरोखर विकली जाणारी महागडी आवृत्ती यादीत आधी ठेवा. तीही पुढच्या किमतीला माप देते आणि कुणाला हवी असेल तर घेताही येते.

सूट टक्क्यांत लिहू की रकमेत?

८० च्या वस्तूवर ‘२० टक्के’ हे ‘१६ कमी’ पेक्षा मोठं वाटतं. ५००० च्या वस्तूवर ‘१००० कमी’ जास्त भरतं. साधारण शंभराच्या खाली टक्के, वर रक्कम. दोन्ही खरंच असल्याने यात लबाडी नाही. ‘२० टक्के + वर १० टक्के’ ही मात्र ३० नव्हे, २८ टक्के सूट होते, म्हणून शेजारी अंतिम किंमत लिहाच. ‘८० टक्क्यांपर्यंत’ लिहायचं असेल, तर तेवढी सूट असलेला माल कोपऱ्यातल्या एखाददुसऱ्या नगापुरता नसावा.