बेसण्याला कोणता कुर्ता?

प्रश्न: ऑफिसमधल्या गुजराती मैत्रिणीचे वडील गेले. परवा पाच ते साडेसहा हॉलमध्ये प्रार्थना सभा आहे. मी मराठी, अशा ठिकाणी कधी गेले नाही. पांढरंच घालायचं का? माझ्याकडे एकच पांढरा कुर्ता आहे, तोही पातळ आणि बिनबाह्यांचा. काळा ड्रेस चालेल का?

उत्तर:

काळा नको. मी स्वतः ही चूक करून बसले आहे. मुलुंडला राहायला आल्यावर शेजारच्या गुजराती काकांच्या बेसण्याला (प्रार्थना सभेला ते बेसणं म्हणतात) मी काळा कुर्ता घालून गेले. दुःखात काळं, हे डोक्यात सिनेमांनी भरवलेलं. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर सगळीकडे पांढरं, आणि त्यात मी एकटी कावळ्यासारखी. कुणी काही बोललं नाही, पण फोटोला फूल वाहायला पुढे जाताना ते चार-पाच फूट अंतर फार लांब वाटलं.

आपल्याकडे हा प्रश्न एवढा येत नाही, कारण मराठी घरात कोणी गेलं की माणसं अंगावर असेल त्यातच धावतात. स्मशानातून आल्यावर आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला, म्हणून उलट आई सांगते, जुनं सुती काहीतरी घाल, भारी साडी नको. बेसण्याचं तसं नाही. ते ठरवून, वेळ कळवून होतं आणि तिथे पांढरं हाच शिरस्ता असतो. बायकांची पांढरी साडी किंवा ड्रेस, पुरुषांचा पांढरा सदरा नाहीतर झब्बा. ऑफिसातून थेट येणारे फिकट शर्टात येतात, त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

तुमचा तोच कुर्ता चालेल, थोडी डागडुजी करायला हवी. पातळ पांढऱ्याखाली बायका हमखास पांढरीच स्लिप घालतात आणि तीच उठून दिसते. त्वचेच्या रंगाची घाला, दिसणार नाही. लेगिंग पांढरी असेल तर तिच्या आतही तेच. बाह्यांसाठी वर पांढरी किंवा मोतिया सुती ओढणी दोन्ही खांद्यांवरून घ्या आणि खांद्याला आतून सेफ्टी पिन लावा. जॉर्जेटची ओढणी घसरते, मग पूर्ण वेळ तीच सावरत बसाल. फार उघडं वाटत असेल तर सरळ कोपरापर्यंत बाह्यांचा फिकट कुर्ता घाला: मोतिया, राखाडी, अगदी फिकट निळासुद्धा. अंग झाकणारा फिकट राखाडी हा पारदर्शक पांढऱ्यापेक्षा केव्हाही बरा. टिकल्या किंवा जरीचं काम असलेला मात्र नको, चिकनकारी चालते.

आज संध्याकाळी नको, दिवसाउजेडी घालून बघा. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये काही कळत नाही. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा, कुणाला तरी समोरून बघायला सांगा. मग खाली मांडी घालून बसा आणि फूल वाहतो तशा पुढे वाका. बऱ्याच हॉलमध्ये आता खुर्च्या असतात, पण काही ठिकाणी गादीवर पांढरी चादर अंथरलेली असते, तिथे कुर्त्याचा बाजूचा काप कमरेपर्यंत असेल तर बसल्यावर सगळी पंचाईत. आणि वाकल्यावर गळा किती खाली येतो ते आरशात उभं राहून समजत नाही.

चपला बाहेर काढाव्या लागतील, म्हणून बंद-बकलांच्या सँडल नकोत. मंगळसूत्र, साधी टिकली, रोजचे कानातले असू द्या. तुम्ही पाहुण्या आहात, ते काढून जायची गरज नाही. लाल लिपस्टिक आणि अत्तर तेवढं टाळा.

मेसेजमध्ये 'लौकिक व्यवहार बंध' असं काही लिहिलं असेल तर देणंघेणं ठेवलेलं नाही, एवढाच अर्थ. रिकाम्या हाताने जा. फूल तिथेच मिळतं. वाहून बसायचं, भजनं ऐकायची, निघताना घरच्यांपुढे हात जोडायचे.

आणि हाच नियम सगळीकडे लावू नका. पुढे कधी मराठी घरात तेराव्याला जेवायला बोलावलं तर शुभ्र पांढरं घालून जाऊ नका. त्या दिवशी पानात गोड असतं, नातेवाईक घरच्यांना कपडे देऊन दुखवटा काढतात. तिथे रोजची, बिनभडक साडी किंवा ड्रेस बरोबर दिसतो. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती मैत्रिणीकडे गेलात तर मात्र तुमचा तो काळा ड्रेस बाहेर काढा, गुडघ्याखाली येत असेल आणि बाह्या असतील तर.