'Page Unresponsive' सारखं येतंय, नेमका कुठला टॅब हँग करतो ते कसं शोधायचं?

प्रश्न: ऑफिसच्या पीसीवर क्रोममध्ये सात-आठ टॅब कायम उघडे असतात. मधेच Page Unresponsive येतं, Wait दाबलं की थोड्या वेळानं परत तेच. Exit page दाबलं तर अर्धवट भरलेला फॉर्म जातो. नेमका कुठला टॅब हे करायलाय कसं कळणार? मी निपाणीत असतो, जवळ दाखवायला कुणी नाही.

उत्तर:

पहिली गोष्ट, ज्या टॅबवर तो मेसेज येतो तोच दोषी असेल असं धरून चालू नका. बहुतेक लोक तिथंच चुकतात आणि बिचारा चांगला टॅब बंद करत बसतात.

ब्राउझर पेज चालवायला वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारे भाग, वापरतो, आणि एका प्रोसेसमध्ये पेजचं जवळजवळ सगळं काम एकाच मेन थ्रेडवर होतं, म्हणजे स्क्रिप्ट चालवणं, पेज मांडणं, तुमचा क्लिक आणि टायपिंग घेणं, सगळं तिथंच. बँकेत एकच खिडकी उघडी असावी आणि पुढच्या माणसानं शंभर चेकचा गठ्ठा काढावा तसं होतं, मागच्याला नुसती पासबुक एंट्री हवी असली तरी थांबावंच लागतं. स्क्रिप्ट मोठ्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम परत परत करण्यात, अडकली की तुमचा क्लिक रांगेत पडून राहतो, आणि बराच वेळ पेजकडून उत्तर आलं नाही की ब्राउझर तो मेसेज दाखवतो. म्हणजे मेसेज येतो तुम्ही जिथं क्लिक केला तिथं. आता एकाच प्रोसेसमध्ये दोन टॅब असतील, तर मागचा टॅब काम करत बसतो आणि मेसेज येतो समोरच्यावर. अशा वेळी त्या बॉक्समध्ये दोन्ही टॅबची नावं दिसतात आणि वर Pages Unresponsive असं अनेकवचनात लिहिलेलं असतं. तो एक s नीट बघा, अर्धं काम तिथंच होतं.

आता शोधायचं कसं. क्रोममध्ये Shift + Esc दाबा, ब्राउझरचा स्वतःचा Task manager उघडतो. मेनूतून जायचं असेल तर वर उजवीकडचे तीन ठिपके, More tools, मग Task manager. हा विंडोजचा टास्क मॅनेजर नव्हे ओ, दोन्ही वेगळे आहेत. विंडोजवाल्यात क्रोमच्या नावाच्या एकसारख्या ढीगभर ओळी दिसतात, त्यातनं कुठला टॅब कुठला ते कळणं अवघड. ब्राउझरवाल्यात सरळ टॅबचं नाव लिहिलेलं असतं. एज मध्ये पण Shift + Esc नंच उघडतो.

एक अडचण येते. हँग झालेला टॅब समोर असताना कधी कधी Shift + Esc लागतच नाही, कारण ते बटण पण आधी त्या अडकलेल्या पेजकडंच जातं. अशा वेळी वरच्या अॅड्रेस बारमध्ये एक क्लिक करा किंवा दुसऱ्या टॅबवर जा आणि मग दाबा. मी तर ज्या पीसीवर हा त्रास आहे तिथं सकाळीच टास्क मॅनेजर उघडून एका कोपऱ्यात ठेवायला सांगतो, हँग झाल्यावर शोधाशोध नको.

उघडल्यावर CPU या कॉलमच्या नावावर क्लिक करा, म्हणजे जास्त खाणारा वर येतो. इथला आकडा प्रोसेसरच्या एका कोरच्या, म्हणजे काम करणाऱ्या एका भागाच्या, हिशोबानं असतो. स्क्रिप्ट लूपमध्ये अडकली असेल तर तो टॅब 100 च्या आसपास चिकटून बसतो, खाली येतच नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर तेच सगळ्या कोरच्या हिशोबात दाखवतो, त्यामुळं 8 लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर तोच टॅब तिकडं जेमतेम 12-13 टक्के दिसतो आणि माणसाला वाटतं की सीपीयू तर रिकामाच आहे की. म्हणून मी तिकडचा आकडा धरत नाही. पेज उघडताना एक-दोन सेकंद आकडा वर जाणं नॉर्मल आहे, तिथं घाबरायचं नाही. जो खाली उतरतच नाही तो आपला गडी.

शेजारी Memory footprint चा कॉलम आहे तो पण बघा, पण दुय्यम म्हणून. CPU शंभरजवळ आणि मेमरी सारखी वाढतेय, तर पेज काहीतरी मोठं बांधतंय, एखादवेळेस थांबलं तर पूर्ण होईल, Wait दाबण्यात अर्थ आहे. CPU शंभर आणि मेमरी जिथल्या तिथं, दोन-चार मिनिटं झाली तरी हलत नाही, तर बहुधा लूप संपणारा नाही. पक्का नियम नाही हा, पण थांबायचं की मारायचं ते ठरवायला उपयोगी पडतो.

आता मुख्य मुद्दा, Process ID चा कॉलम. दिसत नसेल तर कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून चालू करा. दोन टॅबचा Process ID एकच असेल तर ते बँकेतल्यासारखे एकाच खिडकीवरचे, म्हणजे एकाच प्रोसेसमधले. एका ओळीवर क्लिक केलं तर त्याच प्रोसेसमधल्या बाकीच्या ओळी पण सोबत निवडल्या जातात, आणि CPU चा आकडा त्या सगळ्यांचा मिळून असतो, दोघांतला कोण खातोय ते तिथून कळत नाही.

उदाहरण सांगतो. बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपच्या ऑफिसात मी पीसीचं काम बघतो. तिथं बाहेरून करून घेतलेलं बिलिंग आहे, ब्राउझरमध्ये चालतं. हिशोब बघणाऱ्या ताई खानापूरहून येतात, त्यांचं म्हणणं एकच, बिल एंट्रीचं पेज खराब आहे ओ, दुपारी हमखास अडकतं. एंट्रीच्या पेजवर बघावं तर काहीच नाही, चार रकाने आणि सेव्हचं बटण. टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि अडकायची वाट बघितली. अडकल्यावर सगळ्यात वर एंट्रीचाच टॅब, CPU 99 च्या वर. पण त्या ओळीवर क्लिक केल्यावर खाली अजून एक ओळ निळी झाली, पार्टीवाइज रिपोर्टची. Process ID एकच.

कारण असं, एंट्रीच्या पेजवर रिपोर्टचं बटण होतं आणि ते दाबलं की रिपोर्ट नवीन टॅबमध्ये उघडायचा. एका पेजनं दुसरं असं उघडलं आणि साइट एकच असली की ब्राउझर बरेचदा दोघांना एकाच प्रोसेसमध्ये ठेवतो, कारण त्या पेजना एकमेकांशी बोलावं लागू शकतं. ताई दुपारी रिपोर्ट उघडायच्या, तो लोड होतोय म्हणून परत एंट्रीवर यायच्या आणि टाइप करायला लागायच्या. रिपोर्ट तिकडं अख्ख्या वर्षाच्या बिलांच्या हजारो ओळी एका दमात टेबलमध्ये घालायचा आणि प्रत्येक ओळीनंतर परत बेरीज करायचा. इकडं एंट्रीत अक्षर उमटेना, आणि मेसेज आला एंट्रीवर.

दोघांतला नक्की कोण हे पक्कं करायला मी दोन्ही वेगळे केले. रिपोर्टचा अॅड्रेस कॉपी केला, तो टॅब बंद केला, Ctrl + T नं कोरा टॅब घेऊन तिथं पेस्ट केला. असा हातानं उघडलेला टॅब बहुतेक वेळा वेगळ्या प्रोसेसमध्ये जातो. Process ID बघितला, वेगळा आला. मग रिपोर्टचा CPU 100 आणि एंट्रीचा जवळजवळ शून्य, आणि ताई एंट्रीत आरामात टाइप करायल्यात. हे बघितल्यावर वादच संपला.

तुमच्याकडं रॅम कमी असेल तर एक शक्यता लक्षात ठेवा. प्रोसेस किती काढायच्या याला ब्राउझर मर्यादा ठेवतो, रॅम कमी तर मर्यादा कमी, आणि ती भरली की हातानं उघडलेले एकाच साइटचे टॅबसुद्धा एकत्र येतात. मग जड पेज क्रोमच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये किंवा सरळ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, तिथं प्रोसेस वेगळी राहतेच.

आणि हँग झालेलं असताना काय करायचं? दोषी टॅबच्या नुसत्या फुलीवर क्लिक करून उपयोग होईलच असं नाही, प्रोसेस एकच असेल तर टॅब दिसायचा बंद होतो पण चालू लूप मध्येच थांबत नाही, शेजारचा तसाच अडकून राहतो. टास्क मॅनेजरमध्ये ओळ निवडून End process दाबलं तर सुटका लगेच होते, पण त्या प्रोसेसमधले सगळे टॅब जातात, Aw, Snap! चं पेज येतं आणि रिलोड करावं लागतं. सेव्ह न केलेला फॉर्म बहुतेक गेलाच समजा. म्हणून सांगतो, फॉर्मचा टॅब आणि जड टॅब आधीपासूनच वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा, मग जड टॅब कितीही वेळा मारला तरी फॉर्मला धक्का लागत नाही.

यादीत अजून दोन प्रकारच्या ओळी दिसतील. Subframe: नं सुरू होणारी ओळ म्हणजे पेजच्या आत बसवलेला दुसऱ्या साइटचा तुकडा, बातम्यांच्या साइटवर जाहिराती असतात त्या बहुधा अशाच. तीच CPU खात असेल तर फक्त तिला End process करा, जाहिरातीच्या जागी रडका चेहरा येतो, बातमी तशीच राहते. दुसरी Extension: वाली. इथं जरा जपून, कारण एक्स्टेन्शनची जी स्क्रिप्ट पेजमध्ये शिरून काम करते तिचा खर्च टॅबच्याच खात्यावर दिसतो, Extension: च्या ओळीवर नाही. त्यामुळं एखादा साधासा टॅब विनाकारण शंभरवर गेला तर तेच पेज इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा, तिथं तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथं नीट चाललं तर एक-एक एक्स्टेन्शन बंद करत जा.

फायरफॉक्स वापरत असाल तर अॅड्रेस बारमध्ये about:processes टाइप करा, तिथं पण टॅबवार CPU आणि मेमरी दिसते.

उद्यमबागच्या त्या पीसीवर शेवटी रिपोर्ट एका वेळी एका महिन्याचाच काढायचा असं ठरवलं, आणि सॉफ्टवेअर करणाऱ्याला टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट पाठवून बेरीज एकदाच शेवटी करायला सांगितली. तुम्ही पण अडकल्यावर असा एक स्क्रीनशॉट काढून इथं टाका, Task, CPU, Memory footprint आणि Process ID हे चारही कॉलम दिसतील असा, पार्टीची नावं तेवढी झाका. मी बघून सांगतो.