‘प्रत्येकी ३’ म्हणजे नक्की किती?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या अमळनेर शाखेकडून जळगावच्या पुरवठादाराला हे पत्र जायचे आहे. भाषा तपासून द्याल का? ‘शाखे साठी टेबल ४ व खुर्च्या प्रत्येकी ३ तसेच कपाट २ दोन दारी, वाहतूक व हमाली सह किंमतीचे कोटेशन द्यावे. माल १० दिवसात पोहोच करावा.’

उत्तर : सगळ्यात आधी ‘प्रत्येकी’ दुरुस्त करा. हा शब्द वाटणी सांगतो, पण ती कशामागे करायची हे त्याच्या आधी यावे लागते. इथे ते नाही. त्यामुळे कोणी टेबलामागे ३ धरून १२ खुर्च्यांचा हिशोब करेल, तर कोणी घाईत तीनच खुर्च्यांचा दर लावेल. मग दोन दुकानांची कोटेशने शेजारी ठेवून तुलनाच करता येणार नाही. माझ्या समजुतीने तुम्हाला टेबलामागे एक खुर्ची कर्मचाऱ्याला आणि दोन सभासदांना हव्या आहेत. तसे असेल तर फिरत्या ४ आणि साध्या ८ असे वेगळे लिहा, कारण दोन्हींचे दर वेगळे असतात.

‘कपाट २ दोन दारी’ यात अंक आणि अक्षरी संख्या एकमेकांना चिकटल्या आहेत. वाचणारा ‘दोन’ला अंकाचाच पुनरुच्चार समजेल आणि दारे विसरून जाईल. आधी वर्णन, मग संख्या, पुढे ‘नग’ हा क्रम ठेवा.

‘साठी’ आणि ‘सह’ ही शब्दयोगी अव्यये मागच्या शब्दाला जोडूनच लिहायची : शाखेसाठी, हमालीसह. ‘वाहतूक व हमालीसह’ असे जोडले, तरी वाहतूक त्यात धरायची की नाही यावर बिलाच्या वेळी वाद होऊ शकतो. ‘वाहतूक व हमाली यांसह’ लिहिले की दोन्ही खर्च दरात आले. जीएसटीही तिथेच नमूद करा. हमालीसाठी शाखा कोणत्या मजल्यावर आहे तेही सांगा.

‘किंमत’वर अनुस्वार आहे, पण सामान्यरूपात तो जातो : किमतीचे. दिवस अनेक असल्याने ‘दिवसांत’ हवे.

शेवटच्या वाक्यातली अडचण शुद्धलेखनापलीकडची आहे. ‘माल पोहोच करावा’ ही थेट ऑर्डर झाली. तुम्ही अजून दरच विचारत आहात, म्हणून मुदतही विचारण्याच्याच सुरात यायला हवी.

मी मसुदा असा करेन. मजला आणि मापे तुम्ही भरा :

‘आमच्या अमळनेर शाखेसाठी पुढील फर्निचरचे कोटेशन द्यावे.
टेबल (लांबी, रुंदी व उंची …) : ४ नग
फिरत्या खुर्च्या : ४ नग
साध्या खुर्च्या : ८ नग
दोन दारांची लोखंडी कपाटे (उंची …) : २ नग
प्रत्येक वस्तूचा एका नगाचा दर वेगळा लिहावा. दर अमळनेर शाखेत (मजला …) पोहोच, वाहतूक, हमाली व जीएसटी यांसह असावेत. ऑर्डर दिल्यापासून किती दिवसांत माल मिळेल, तेही कळवावे.’