उचलून शांत करणे आणि पुन्हा खाली ठेवणे

प्रश्न: बाळाला उचलून-ठेवून झोपवायची पद्धत नेमकी कशी करतात? माझी मुलगी ५ महिन्यांची आहे, खांद्यावरच झोपते.

उत्तर: पोट भरलेलं, लंगोट कोरडा आणि डोळे जड झाले की तिला जागी असतानाच पाठीवर झोपवा. नुसती कुरकुर असेल तर उचलू नका. छातीवर हात ठेवून हलकं 'श्श' करा. खरं रडू फुटलं तर उचला, उभी धरा, आणि रडणं थांबताच खाली ठेवा. चूक इथेच होते: अजून थोडं म्हणत खांद्यावर डोळा लागेपर्यंत धरलं जातं, मग गादीवर टेकताच ती दचकून उठते आणि सवय तीच राहते. टेकवताना पुन्हा रडली तरी आधी पूर्ण खाली ठेवा, मगच उचला. पहिल्या रात्री तासभरही लागू शकतो.

साधारण ४ ते ८ महिन्यांच्या, कुशीत घेताच निवणाऱ्या बाळांना हे जमतं. त्याहून लहानांना इतकी उचल-ठेव सोसत नाही. काही बाळं मात्र दरवेळी उचलल्यावर जास्तच चवताळतात. तिथे न उचलता शेजारी बसून थोपटलेलं बरं. ताप किंवा सर्दी असताना सुरुवात करू नका.