ट्रॅक्टर घेतल्यानंतरची बेचैनी

प्रश्न: दसऱ्याला आठ लाखांचा ट्रॅक्टर घेतला. आता रात्री वाटतं, दुसरा घ्यायला पाहिजे होता. पण कुणी विचारलं की मीच त्याचं तोंडभरून कौतुक करतो. माझं डोकं फिरलंय का?

उत्तर:

नाही. मी लातूरला बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि तुम्ही लिहिलंय ते वर्गात उदाहरण म्हणून सांगावं इतकं नेमकं आहे. याला कॉग्निटिव्ह डिझोनन्स, म्हणजे विचारांमधली विसंगती म्हणतात. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये हा सिद्धांत मांडला. 'मी विचार करून पैसा खर्च करणारा माणूस आहे' आणि 'आठ लाख घातले ती वस्तू कदाचित बरोबर नाही' या दोन गोष्टी एकाच डोक्यात सुखानं नांदत नाहीत. मग डोकं त्यातली एक बदलायला बघतं. पैसे गेले, आरटीओची पासिंग झाली, ते काही फिरवता येत नाही. बदलता येतं ते ट्रॅक्टरबद्दलचं मत. म्हणून दिवसा कौतुक आणि रात्री शंका. दोन्ही एकाच ताणातून येतात, तुम्ही खोटं बोलत नाही आहात.

हे प्रयोगात कसं दिसलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या मुलींना टोस्टर, कॉफी मेकर, छोटा रेडिओ अशा आठ वस्तूंना गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन पुढं ठेवून 'यातली एक तुझी, निवड' असं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा गुण द्यायला लावले, तर निवडलेली वस्तू वर गेली आणि सोडलेली खाली आली. दोन्ही वस्तू आधी जवळपास सारख्या आवडलेल्या असल्या तर हा फरक जास्त पडला. आणि ज्या मुलींना न विचारता वस्तू नुसती भेट दिली, त्यांच्यात असं काही झालं नाही. तुमच्या वडिलांनी परस्पर ट्रॅक्टर आणून दारात उभा केला असता तर तुम्ही त्यांच्यावर चिडला असता, पण ही बेचैनी आली नसती.

या प्रयोगाच्या मोजणीवर 2010 मध्ये चेन आणि रायझन या संशोधकांनी रास्त आक्षेप घेतला. पहिले गुण तंतोतंत नसतात. मुलीनं काय निवडलं त्यावरूनच तिला खरं काय जास्त आवडत होतं ते कळतं, म्हणजे मत अजिबात न बदलतासुद्धा आकड्यांत थोडी तफावत दिसणारच. ही चूक टाळून पुढं प्रयोग झाले, त्यांतही परिणाम दिसला.

आता आमच्या मेव्हण्याचं सांगतो, औसा तालुक्यातलं. त्यांच्यापुढं दोन ट्रॅक्टर होते, एक 45 एचपीचा, दुसरा 50 चा. किमतीत फार अंतर नव्हतं, दोन्ही शोरूमला चकरा झाल्या. शेवटी 45 चा घेतला. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी पारावर कुणीतरी म्हणालं, "काळ्या रानात पंचेचाळीसनं काय ओढायलंय? अन् डिझेल लई खातंय म्हणतेत." झालं. महिन्याभरात भेटलो तर पाव्हणे मला समजावत होते, "आपल्या बांधाला वळायला बारकाच बरा." आता घेण्याआधी हा माणूस माझ्याशी तासन् तास बोलला होता. वळण्याचा विषय एकदाही निघाला नव्हता. घेतल्यावर उगवलेलं असं कारण दिसलं की समजावं, विसंगतीचा ताण कमी करण्याचं काम चालू आहे. कारण खोटं असतं असं नाही, पण निर्णय त्यावर झालेला नसतो.

मेव्हणे मोबाइलवर दोन्ही मॉडेलचे व्हिडिओ बघत बसायचे, तुम्हीही बघत असाल. नवी कार घेतलेल्या लोकांवर 1957 मध्ये एक अभ्यास झाला होता. ते लोक आपल्याच गाडीच्या जाहिराती जास्त वाचत. पण सोडून दिलेल्या गाडीच्या जाहिराती टाळत, असं मात्र स्पष्ट दिसलं नाही. आधार शोधण्याची ओढ पक्की असते, डोळे झाकून घेण्याची तितकी नसते.

आणि रात्रीची शंका? इलेन वॉल्स्टर या संशोधक बाईंनी अमेरिकी सैन्यात नव्यानं भरती झालेल्यांना दोन कामांतून एक निवडायला लावलं. निवडीनंतर चारेक मिनिटांनी त्यांना सोडलेलं काम जास्त बरं वाटायला लागलं. पंधरा मिनिटांनी चित्र उलटलं, निवडलेलं काम वर गेलं. म्हणजे आधी पस्तावा, मग समर्थन. तुमचं दसऱ्यापासून चाललंय, कारण माझ्या मते दर पाव्हणा 'केवढ्याला पडला?' विचारतो आणि निर्णय नव्यानं उकरला जातो.

फक्त एक अडचण आहे. शंका विसंगतीतून येते तशी ती खरीही असू शकते, आणि मन दोन्ही एकाच आवाजात सांगतं. ते वेगळं करायला मोजमाप लागतं. मी मेव्हण्यांना म्हटलं, डिझेलवर वाद घालू नका. सपाट जागी टाकी काठोकाठ भरा, रोटाव्हेटरचं काम करा, तास लिहून ठेवा, परत त्याच जागी उभा करून काठोकाठ भरा. जेवढं डिझेल मावलं तेवढं खाल्लं. त्यांचं तासाला पावणेसहा लिटर निघालं. शेजाऱ्याचा 50 चा त्याच रानात तसाच मोजला, तो सव्वासहाला गेला. डिझेलची शंका तिथंच संपली, आणि तिला 'वळायला बरा'सारख्या समर्थनाची गरजही उरली नाही.

दुसरी शंका मात्र खरी निघाली. ओल असलेल्या रानात पल्टी नांगराला मागची चाकं जागीच फिरायची. मेकॅनिकनं मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवलं, बराच फरक पडला. तरी उन्हाळ्याची खोल नांगरट ते आता भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनं करून घेतात, आणि हे सांगताना त्यांना लाजही वाटत नाही.

तुमच्या शंका अशाच कागदावर लिहून काढा, एकेकीसमोर ती कशी मोजायची ते लिहा. मोजता येणारी असेल तर पहिल्या फ्री सर्व्हिसिंगआधी मोजा, म्हणजे मेकॅनिकपुढं आकडा ठेवता येईल. हप्त्याची काळजी या यादीत घेऊ नका. ती विसंगती नव्हे, ते कर्ज आहे, आणि मत बदलून ते कमी होत नाही. सोयाबीनचा पैसा हातात यायच्या आधी हप्त्याची तारीख पडत असेल तर बँकेत जाऊन सहामाही हप्ता हंगामाला जुळवून मिळतो का ते आताच विचारा.

ट्रॅक्टर किती एचपीचा आहे आणि रान कसं आहे ते खाली लिहा. चाकं जागीच फिरत असतील तर पाणी भरण्याबद्दल मेव्हण्यांना विचारून सांगतो.