दशावतार, वेगळा रेकॉर्डर आणि मागे पडत जाणारा आवाज

प्रश्न: मालवणजवळ जत्रेतला दशावतार शूट केला. कॅमेरा मंडपात मागे, साधारण चाळीस फुटांवर. रेकॉर्डर पेटीवाल्याच्या बाजूला. एडिटरमध्ये वेव्हफॉर्मवरून ऑटो सिंक केलं. संकासुराच्या प्रवेशापर्यंत सगळं बरोबर, पण शेवटच्या युद्धात तलवार आधी आपटते आणि आवाज मागून येतो. क्लिप पुढेमागे सरकवली की सुरुवात बिघडते. काय चुकतंय?

उत्तर:

तुमचं काही चुकलेलं नाही, दोन घड्याळांचं जमत नाहीये. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघेही सेकंदाला ४८,००० नमुने घेतात, पण सेकंद केवढा हे प्रत्येक जण आपापल्या आतल्या घड्याळाच्या क्रिस्टलवरून ठरवतो. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत वीस-चाळीस भागांचा फरक असणं अगदी नेहमीचं. त्याला पीपीएम म्हणतात. पाच मिनिटांच्या मुलाखतीत तो कळतही नाही, पण रात्रभर चालणाऱ्या नाटकात उघडा पडतो. ऑटो सिंक फक्त क्लिप कुठे ठेवायची ते शोधतं, तिची लांबी बदलत नाही. म्हणून एक टोक जुळवलं की दुसरं सुटतं.

आधी फरक मोजा, आणि तो व्हिडिओच्या टाइमलाइनवर मोजू नका. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आपल्या कामाला फारच जाड पट्टी. कॅमेऱ्याचा आवाज वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा आणि दोन्ही फाइली ऑडिओ एडिटरमध्ये एकाखाली एक लावा. आता सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक टोकदार आवाज शोधा. मी गाऱ्हाण्यानंतर फुटणारा नारळ धरतो. फुकटात मिळालेला क्लॅप आहे तो, आणि दोन्ही फाइलींत सुईसारखा उभा दिसतो. शेवटाला मृदंगाची सुटी थाप चालते. पायपेटीचा सूर मात्र घेऊ नका, तो हळूहळू चढतो आणि नेमका कुठे सुरू झाला ते दिसत नाही.

वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेतलं माझं रेकॉर्डिंग सांगतो. नारळापासून शेवटच्या थापेपर्यंत कॅमेऱ्यात ६६००.००० सेकंद होते, रेकॉर्डरमध्ये ६६००.२९०. म्हणजे एक तास पन्नास मिनिटांत रेकॉर्डरची फाइल २९० मिलिसेकंदांनी लांब. ०.२९० भागिले ६६०० केलं की सुमारे ४४ पीपीएम येतात. दर पंधरा मिनिटांना साधारण एक फ्रेम. तुमची लक्षणं वाचून तुमचाही आकडा याच्या आसपास असावा.

इथे घाई करू नका. मधला, पंचावन्न मिनिटांच्या जवळचा एखादा ठोकाही मोजा. तिथे फरक निम्मा, म्हणजे १४५ च्या आसपास मिळाला तर घसरण सरळ रेषेत आहे आणि एकाच आकड्याने दुरुस्त होते. मध्यापर्यंत शून्य आणि त्यानंतर एकदम २९० आलं, तर ती घसरण नव्हे, उडी आहे. बहुधा कॅमेऱ्याने मोठ्या शूटचे जे तुकडे पाडले ते जोडताना फट राहिली किंवा एखादा तुकडा पुढेमागे झाला. ती उडी ताणून बसवायला गेलात तर आधी बरोबर असलेला अर्धा भागही बिघडेल. तुकडे आधी सलग जोडा, मगच मोजा. फरक तासाला सुमारे ३.६ सेकंद असेल तर क्रिस्टलला दोष देऊ नका. २९.९७ आणि ३० फ्रेमचा कुठेतरी घोळ झालाय. आणि फोनवर शूट केलं असेल तर फ्रेमचा दर मुळातच बदलता असतो, तो आधी स्थिर करून घ्या.

आता दुरुस्ती. बऱ्याच व्हिडिओ एडिटरमध्ये क्लिपचा वेग टक्क्यांत, दोन दशांशांपर्यंतच बदलता येतो. त्यातली सगळ्यात लहान पायरी ०.०१ टक्का, म्हणजे १०० पीपीएम. आपल्याला हव्यात ४४. एक पायरी घेतली तर आवाज मागे पडायचा तो तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, पुढे पळेल. शिवाय 'सूर कायम ठेवा' असा पर्याय चालू असेल तर प्रोग्रॅम आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा शिवतो आणि झांजेची धार जाते. मी ffmpeg हा कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम वापरतो, peti.wav ही रेकॉर्डरची फाइल:

```
ffmpeg -i peti.wav -af "asetrate=48002,aresample=48000" -c:a pcm_s24le peti_fix.wav
```

याचा अर्थ, हे नमुने ४८,००० नव्हे, ४८,००२ च्या वेगाने घेतलेत असं समज, आणि मग पुन्हा ४८,००० वर आण. नेमका आकडा ४८,०००×१.००००४४ म्हणजे ४८,००२.१ येतो, पण इथे पूर्णांकच द्यावा लागतो. त्यामुळे शेवटाला सुमारे १५ मिलिसेकंद उरतात, अर्ध्या फ्रेमहूनही कमी. मी ते सोडून दिले. सूर किंचित चढतो, पण तो एका सेंटच्या, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या, दहाव्या भागाहूनही कमी. पेटीवाल्याच्या कानालाही कळणार नाही. तुमच्याकडे रेकॉर्डरची फाइल कॅमेऱ्यापेक्षा लहान निघाली तर आकडा ४८,००० च्या खाली घ्या, नाहीतर फरक दुप्पट होईल. हे मी एकदा करून बसलोय.

कमांडच्या भानगडीत पडायचं नसेल तर दोन प्रवेशांच्या मधल्या शांततेत दर पंधरा मिनिटांनी ४० मिलिसेकंद कापून टाका. चालतं. पण संगीत सलग चालू असताना कापू नका, ताल अडखळतो.

दुरुस्त फाइल पुन्हा वेव्हफॉर्मने जुळवा, आणि जुळली असं प्रोग्रॅम म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. दोन लहरी सरकवत त्या सगळ्यात जास्त कुठे सारख्या दिसतात एवढंच तो पाहतो. झांज तेच आवर्तन फिरून फिरून वाजवत असते, त्यामुळे तो नेमका एक आवर्तन चुकून बसू शकतो आणि चित्र वरवर बरोबर वाटतं. मागे जनरेटर घुमत असेल किंवा कॅमेऱ्याच्या माइकवर खाडीवरचा वारा आदळत असेल तर शक्यता आणखी वाढते. युद्धनाचातला नव्हे, नारळ किंवा बोलण्याचा भाग निवडून जुळवायला सांगा.

दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थाप एकच ऐकू आली, दुहेरी 'टटक्' नाही, तर घसरण गेली.

तरीही आवाज जरा मागे वाटेल, आणि हा फरक सगळीकडे सारखा असेल. आपल्याकडच्या उबदार रात्री आवाज सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो. तुमचे चाळीस फूट म्हणजे १२ मीटर, ते पार करायला त्याला ३५ मिलिसेकंद लागतात. कॅमेऱ्याच्या माइकने आवाज तेवढा उशिरा ऐकला आणि तुम्ही रेकॉर्डर त्याच्याशी जुळवला. म्हणून शेवटी रेकॉर्डरचा ट्रॅक एक फ्रेम अलीकडे घ्या. मात्र कॅमेऱ्याजवळच कर्णा लावलेला असेल तर माइकने रंगमंच नव्हे, कर्णा ऐकलेला असतो आणि हा हिशेब लागू होत नाही. तेव्हा झांज एकमेकींवर आपटताना स्पष्ट दिसते अशी फ्रेम शोधा, ट्रॅक तिच्यावर बसवा आणि कॅमेऱ्याचा आवाज बंद करा.