चिमुकला पिव्हट आणि हरवलेलं समीकरण: वाचकांची प्रश्नोत्तरे

गॉसियन एलिमिनेशनमध्ये पिव्हट, म्हणजे ज्या सहगुणकाने भागून खालच्या ओळींतला चल घालवायचा तो, शून्य आला तरच ओळींची अदलाबदल करायची, असं आम्हाला वर्गात सांगितलं. शून्य नसेल, नुसता लहान असेल, तर भागाकार होतोच की. मग अडतं कुठे? (अभियांत्रिकी, दुसरं वर्ष)

भागाकार होतो, पण उत्तर जातं. हे कागदावरच करून बघा. अट एकच: प्रत्येक पायरीला उत्तर तीन सार्थ अंकांपर्यंतच ठेवायचं, कारण संगणकही ठरावीक अंकांपलीकडे काही साठवत नाही.

0.0002x + 2y = 5
3x + 4y = 13

खरं उत्तर x = 1.00013 आणि y = 2.4999, म्हणजे तीन अंकांत 1.00 आणि 2.50. आता 0.0002 हाच पिव्हट धरा. दुसऱ्या समीकरणातला x घालवायला पहिल्याला 3 ÷ 0.0002, म्हणजे 15000 ने गुणून वजा करावं लागतं. y चा सहगुणक होतो 4 − 30000 = −29996 आणि उजवी बाजू 13 − 75000 = −74987. तीन अंकांत यांचे झाले −30000 आणि −75000. त्यावरून y = 2.50, अगदी बरोबर. मग हा y पहिल्या समीकरणात घाला: x = (5 − 5) ÷ 0.0002 = 0. एकऐवजी शून्य!

नेमकं काय घडलं ते −29996 चं −30000 झालं त्या जागी दिसतं. तिथे 4 पुसला गेला, आणि शेजारी 13 पुसला गेला. दुसऱ्या समीकरणात 4 ऐवजी 9 आणि 13 ऐवजी 40 असते, तरी 9 − 30000 आणि 40 − 75000 यांचे तीन अंकांत पुन्हा −30000 आणि −75000 हेच आले असते. म्हणजे दुसरं समीकरण काय म्हणत होतं हे आता कुठेच नोंदलेलं नाही. उरलं आहे ते पहिलंच समीकरण, 15000 ने फुगवलेलं. एका समीकरणातून दोन चलांची उत्तरं कशी मिळणार?

आता ओळी बदला. पिव्हट 3, गुणक 0.0002 ÷ 3, म्हणजे साधारण 0.0000667. y चा सहगुणक 2 − 0.000267, तीन अंकांत 2.00. उजवी बाजू 5 − 0.000867, तीन अंकांत 5.00. y = 2.50 आणि x = (13 − 10) ÷ 3 = 1.00. याही वेळी पूर्णांकन झालंच, पण पुसली गेली ती नगण्य वजाबाकी. मूळचे 2 आणि 5 शाबूत राहिले. पार्शल पिव्हटिंग म्हणजे एवढंच: चालू स्तंभात, पिव्हटच्या जागेपासून खाली, चिन्ह सोडून जी संख्या सर्वांत मोठी असेल तिची ओळ वर आणायची. मग एकही गुणक 1 पेक्षा मोठा होत नाही आणि वरची ओळ सहसा खालच्या ओळीला गिळत नाही.

तीन अंक फारच कमी झाले. पायथॉनमध्ये जवळपास 16 अंक असतात. तिथे हे खरोखर घडतं का? (संगणकशास्त्राचा विद्यार्थी)

घडतं, फक्त पिव्हट आणखी लहान लागतो. ex + y = 1 आणि x + y = 2 या जोडीत e अगदी लहान असेल तर दोन्ही उत्तरं 1 च्या अगदी जवळ असतात. ओळी न बदलता असं चालवा:

```python
e = 1e-20
m = 1 / e
y = (2 - m) / (1 - m)
x = (1 - y) / e
print(x, y)    # 0.0 1.0
```

शून्य आलं की निदान संशय तरी येतो. मला जास्त धास्ती वाटते ती e = 1e-12 ची. तिथे x येतो 0.99998 च्या आसपास. खरा x आहे 1.000000000001. सोळा अंकांच्या यंत्राने चार-पाच अंकांचं उत्तर दिलं, आणि ते इतकं विश्वासार्ह दिसतं की कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही.

आपल्या समीकरणांत एवढी लहान संख्या कुठून येणार, असं वाटत असेल तर हे बघा. पहिल्या ओळीची सुरुवात 1, 3 अशी आणि दुसरीची 0.1, 0.3 अशी असेल, तर पहिल्या पायरीनंतरचा पिव्हट 0.3 − 0.1 × 3, म्हणजे शून्य यायला हवा. यंत्रात येतो −5.55e-17. तुमची `if pivot == 0` ही तपासणी त्याला खुशाल पुढे जाऊ देते आणि पुढचा भागाकार या कचऱ्याने होतो. म्हणून शून्य शोधत बसू नका, दर स्तंभात सर्वांत मोठी संख्या शोधा.

मी पहिल्या समीकरणाला दोन्ही बाजूंनी 100000 ने गुणलं. आता पिव्हट 20 आहे, खालच्या 3 पेक्षा मोठा. म्हणजे सगळं ठीक ना? (पदविका अभ्यासक्रमातील शिक्षिका)

नाही, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा फार आनंद झाला. समीकरणं आता 20x + 200000y = 500000 आणि 3x + 4y = 13 अशी आहेत. नियम म्हणतो, 20 मोठा, ओळी बदलू नका. गुणक फक्त 0.15. पण 0.15 × 200000 = 30000 आणि 0.15 × 500000 = 75000. पुन्हा तेच 4 − 30000, तेच 13 − 75000, आणि शेवटी तोच x = 0.

पिव्हट मोठा की लहान हे त्याच्या स्वतःच्या ओळीशी ताडून ठरवायला हवं. 20 ला त्याच्या ओळीतल्या सर्वांत मोठ्या सहगुणकाने भागा: 20 ÷ 200000 = 0.0001. खालच्या ओळीत 3 ÷ 4 = 0.75. आता कोणती ओळ वर जायची हे उघड आहे. निवड अशी प्रमाणावर करणं म्हणजे स्केल्ड पार्शल पिव्हटिंग. एककं वेगवेगळी असली, एक समीकरण मिलिमीटरमध्ये आणि दुसरं किलोमीटरमध्ये, तर याची गरज हमखास पडते.

उत्तर बिघडलं हे कळणार कसं? आणि बिघाड पद्धतीचा की समीकरणांचाच, हे कसं ओळखायचं?

उत्तर मूळ समीकरणांत घालून बघा, बदललेल्या नव्हे. वरच्या उदाहरणात x = 0, y = 2.5 घातलं की पहिलं समीकरण तंतोतंत जुळतं, दुसऱ्यात मात्र 13 च्या जागी 10 येतात. एवढी तफावत दिसली तर दोष पद्धतीचा. ही समीकरणं स्वतः अजिबात नाजूक नाहीत: त्यांचा कंडिशन नंबर सुमारे 7 आहे, म्हणजे माहितीतली लहानशी चूक उत्तरात फार तर सातपट होईल.

उलट प्रकारही असतो. 1, 1/2, 1/3 अशा अपूर्णांकांनी भरलेली हिल्बर्ट मॅट्रिक्स 10 × 10 ची घेतली तर हाच आकडा 10 चा तेरावा घात ओलांडतो. तिथे पिव्हटिंग करून उत्तर मूळ समीकरणांत छान जुळेल, तरीही ते खऱ्या उत्तरापासून दूर असू शकतं. तो दोष ओळी बदलून जात नाही.

इमारतीच्या सांगाड्याच्या आमच्या प्रोग्रॅममध्ये ओळी कधीच बदलत नाहीत. तो चुकीचा आहे का? (स्ट्रक्चरल इंजिनिअर)

नाही. आधार नीट दिलेल्या सांगाड्याची स्टिफनेस मॅट्रिक्स सममित आणि पॉझिटिव्ह डेफिनिट असते. अशा मॅट्रिक्समध्ये एलिमिनेशन करताना कुठलीही संख्या मूळच्या सर्वांत मोठ्या संख्येपलीकडे फुगत नाही, त्यामुळे 4 चा 30000 पुढे पालापाचोळा होण्याचा प्रसंगच येत नाही. शिवाय ओळी बदलल्या तर सममिती मोडते आणि ती वापरून वाचवलेली मेमरी जाते. मात्र अशा प्रोग्रॅममध्ये पिव्हट शून्याजवळ किंवा ऋण आला, तर ओळी बदलून पुढे जाऊ नका. एखादा आधार द्यायचा राहिला आहे का, ते आधी तपासा.